ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप बिघडला आणि वॉरंटी नाकारली गेली, तर दाद कोणाकडे मागावी?

माझ्या मामेबहिणीने १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळीच्या सवलतीत, एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून ५४,९९० रुपयांचा लॅपटॉप घेतला. ४ ऑगस्ट २०२५ रोजी तो चार्ज होईनासा झाला. बिलाप्रमाणे एक वर्षाच्या वॉरंटीला दोन महिने बाकी होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी ती बडोद्यातल्या रावपुऱ्याहून रिक्षाने अलकापुरीकडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. तिथल्या मुलाने मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर संगणकात टाकला आणि गुजरातीत शांतपणे सांगितले की या यंत्राची वॉरंटी २७ जूनलाच संपली आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल आणि त्याचे १९,८०० रुपये होतील. तिने बाजारपेठेच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर परत करण्याची मुदत संपली असून वॉरंटीचा विषय कंपनीचा आहे, असे उत्तर मिळाले. कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखवते आणि विक्रेता कंपनीकडे, ही स्थिती ऑनलाइन खरेदीत वारंवार येते. या लेखात हीच एक स्थिती शेवटपर्यंत नेली आहे.

तीन पक्ष, तीन वेगळी आश्वासने

जबाबदारी ठरवताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की आपण एक वस्तू घेतली असली, तरी आपल्याला आश्वासने एकाहून अधिक जणांनी दिलेली असतात. पहिले आश्वासन विक्रेत्याचे. बिलावर ‘विक्रेता’ म्हणून ज्याचे नाव आहे, त्याच्याशी आपला विक्रीचा करार झालेला असतो, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे व वापरण्याजोगी असावी ही त्याची जबाबदारी त्या करारातूनच येते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातही हेच गृहीत धरलेले आहे. दुसरे आश्वासन उत्पादकाचे. वॉरंटी कार्डावरची एक वर्षाची हमी त्याने स्वतःहून दिलेली असते, ती त्याच्या अटींनी बांधलेली असते, आणि तिच्यामुळे विक्रेत्याची मूळ जबाबदारी पुसली जात नाही. तिसरा पक्ष बाजारपेठ चालवणारी कंपनी. ती बहुधा स्वतः माल विकत नाही, विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देते, आणि म्हणून तिच्यावरची कर्तव्ये वेगळ्या प्रकारची आहेत.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ही विभागणी स्पष्ट केली आहे. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परताव्याची सात किंवा दहा दिवसांची खिडकी ही बाजारपेठेने ठेवलेली सोय आहे. ती बंद झाली म्हणजे कायद्याने दिलेला हक्क संपला, असा अर्थ होत नाही. मात्र दहा महिने वापरलेल्या लॅपटॉपची पूर्ण किंमत परत मागण्यापेक्षा आधी विनामूल्य दुरुस्ती मागावी, असे माझे मत आहे. ती मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते, आणि पुढे ग्राहक आयोगासमोर जावे लागले तर आपली भूमिका वाजवी दिसते.

बाजारात ‘प्रोटेक्शन प्लॅन’ किंवा ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या नावाने विकली जाणारी वस्तू हे बहुधा चौथ्याच कोणाचे तरी आश्वासन असते. तिचा दावा त्या कंपनीकडेच करावा लागतो आणि वरच्या तिघांशी त्याची गल्लत करू नये.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी

घरी बसून दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली सीरियल नंबरची. खोक्यावरचा, यंत्राच्या तळाच्या स्टिकरवरचा आणि शक्य असल्यास बिलावरचा नंबर एकच आहे का ते पाहावे. लॅपटॉप चालू होत असेल तर आत नोंदलेला नंबरही पाहता येतो. त्यासाठी विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही आज्ञा द्यावी:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

आतला नंबर आणि स्टिकरवरचा नंबर जुळला नाही, किंवा आतली जागा रिकामी दिसली, तर मदरबोर्ड आधी कधीतरी बदललेला असण्याची दाट शक्यता असते आणि ‘नवीन’ म्हणून विकलेले यंत्र नवीन नसावे असा संशय घ्यायला जागा राहते. ही तपासणी खरे तर खोके उघडल्याच्या दिवशीच करावी, कारण यंत्र बंद पडल्यावर ती करता येत नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत तेच झाले. तिच्याकडे फक्त खोक्यावरचा आणि तळाचा नंबर होता, पण ते दोन्ही जुळत होते, आणि तेवढे पुरेसे ठरले.

दुसरी गोष्ट बिलाची. ऑर्डरची पावती आणि करबिल यांत फरक असतो. दाव्यासाठी करबिल लागते, ते आपल्या खात्यातून उतरवून घ्यावे आणि त्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता व पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन अंक राज्याचे असतात, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे दिसते. आमच्या बिलावरचा क्रमांक २९ ने सुरू होत होता, म्हणजे विक्रेता कर्नाटकातला होता, आणि त्याची नोंदणी चालू होती. ती रद्द झालेली असती, तर पुढचा सगळा जोर उत्पादक आणि बाजारपेठ यांच्यावर टाकावा लागला असता. बिल कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावावर घेतले असेल, तर ‘ही खरेदी व्यापारी हेतूने केली’ असा आक्षेप पुढे येऊ शकतो, कारण व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्याच्या बाहेर राहते. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू मात्र त्या अपवादात येत नाही.

याच वेळी विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढावेत. ‘एक वर्षाची उत्पादकाची वॉरंटी’ हे शब्द, यंत्राचे वर्णन आणि विक्रेत्याचे नाव एकाच चित्रात येतील असे पाहावे. ही पाने बदलतात, विक्रेते नाहीसे होतात, आणि पुढे हाच कागद सर्वांत मोलाचा ठरतो.

जॉबशीटवर काय लिहून घ्यायचे

सर्व्हिस सेंटरच्या तोंडी उत्तराला किंमत नाही. ‘वॉरंटी नाही’ असे ऐकून लॅपटॉप उचलून घरी येणारे बरेच जण असतात, आणि पुढे त्यांच्याकडे नकाराची तारीखही उरत नाही. म्हणून यंत्र तपासणीसाठी जमा करून जॉबशीट, म्हणजे केंद्राने दिलेली तपासणीची लेखी नोंद, मागावी आणि तीवर चार गोष्टी लिहिल्या आहेत का ते काउंटरवरच वाचावे: आपण सांगितलेली तक्रार, तपासणीत आढळलेला दोष, बाह्य नुकसान आहे की नाही, आणि वॉरंटी नाकारण्याचे कारण. आमच्या जॉबशीटवर सुरुवातीला फक्त ‘आउट ऑफ वॉरंटी’ एवढेच होते. बहिणीने विनंती केल्यावर ‘मदरबोर्डचा चार्जिंग भाग निकामी, बाह्य नुकसान किंवा द्रवाचा संपर्क नाही’ अशी ओळ वाढवून मिळाली. या एका ओळीने पुढचा निम्मा वाद टळला, कारण दोष वापरणाऱ्याच्या चुकीने झाला असे म्हणण्याची वाट तिने बंद केली.

उलट, जॉबशीटवर द्रवाचा संपर्क किंवा तडा गेल्याची नोंद असेल, तर दावा कमजोर होतो. अनेक यंत्रांच्या आत पाण्याने रंग बदलणाऱ्या लहान पट्ट्या असतात, आणि त्या रंगल्या की कंपनी हात वर करते. अशा वेळी पट्टीचा आणि बोर्डाचा फोटो मागावा. बोर्डावर गंजाचा किंवा डागाचा मागमूस नसेल, तर हरकत लेखी नोंदवता येते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचे पाणी घरात शिरून भिजलेल्या यंत्रांसारखी गोष्ट असेल, तर वॉरंटीचा आग्रह व्यर्थ आहे. तो विम्याचा विषय आहे.

बाहेरच्या दुकानातून यंत्र उघडून घेण्याचा मोह मात्र टाळावा. काम अडले असेल आणि दुरुस्ती लगेच करणे भाग असेल, तर ती अधिकृत केंद्रातच पैसे भरून करावी, बिलावर दोषाचे कारण लिहून घ्यावे आणि ‘हक्क राखून पैसे भरत आहे’ असा ईमेल त्याच दिवशी पाठवून नंतर रक्कम मागावी. असे केले तर दोषाचा पुरावा टिकतो.

वॉरंटीची तारीख चुकीची असेल, तर आधी उत्पादकाला लिहावे

बिल ऑक्टोबरचे असताना वॉरंटी जूनपासून सुरू झालेली कशी दिसते? बऱ्याच कंपन्यांच्या नोंदीत वॉरंटीचे घड्याळ यंत्र वितरकाकडे रवाना झाल्याच्या किंवा आधीच्या विक्रीच्या तारखेपासून चालू होते, आणि ग्राहकाने बिल दाखवल्यावर ते खरेदीच्या तारखेवर आणून ठेवले जाते. म्हणजे साधी नोंद दुरुस्त करण्याचे काम असू शकते. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते होत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करावा लागतो. सोबत करबिल, जॉबशीट आणि स्टिकरचा फोटो जोडावा, आणि मजकूर लांबवू नये. आमचा मजकूर असा होता:

‘हा लॅपटॉप १२ ऑक्टोबर २०२४ रोजी विकत घेतला आहे, करबिल सोबत आहे. आपल्या नोंदीत वॉरंटी २८ जून २०२४ पासून दिसते. ती खरेदीच्या तारखेपासून धरून दुरुस्ती विनामूल्य करावी. आपण नकार देत असल्यास कारण लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. कंपनीने तारीख दुरुस्त केली तर प्रश्न तिथेच मिटतो, आणि माझ्या मते बहुतेक साध्या प्रकरणांत हीच पायरी पुरेशी ठरावी. दुरुस्त केली नाही, तर तिने दिलेले कारण हे पुढे कोणाला धरायचे ते सांगते.

आमच्या बाबतीत १४ ऑगस्टला उत्तर आले की हे यंत्र एका संस्थेला घाऊक पुरवठ्यात विकलेले होते, त्यामुळे किरकोळ बिल ग्राह्य धरता येणार नाही. वाचून बहीण निराश झाली, पण मला तो ईमेल हाती आल्याचे समाधान वाटले. त्याचा अर्थ असा होता की विक्रेत्याने दुसऱ्यासाठी काढलेला माल ‘नवीन, एक वर्षाच्या उत्पादक वॉरंटीसह’ म्हणून विकला आणि त्या वॉरंटीचे साडेतीन महिने विक्रीच्या दिवशीच संपलेले होते. वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती, आणि ते वर्णन विक्रेत्याने केलेले होते. उत्पादकाने आपल्या नकाराने जबाबदारीचे पारडे विक्रेत्याकडे झुकवून दिले होते.

हेच उत्तर वेगळे असते, तर पारडेही वेगळे झुकले असते. तारीख मान्य करूनही ‘हा भाग वॉरंटीत नाही’ किंवा ‘सुटा भाग उपलब्ध नाही’ असे कंपनी म्हणाली असती, तर उत्पादकच मुख्य जबाबदार ठरला असता, कारण तिथे मोडलेले आश्वासन त्याचे असते. पहिल्या आठवड्यातच वस्तू निकामी निघाली तर विक्रेत्याकडे बदली मागणे सोपे असते, आणि कंपन्या त्यासाठी सर्व्हिस सेंटरकडून ‘डीओए’ म्हणजे आल्याआल्याच बंद असल्याचे प्रमाणपत्र मागतात. आणखी एक प्रकार ब्रँडच्या नावाचा: दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचा शिक्का लावतो, तोही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत उत्पादकच असतो. त्यामुळे बाजारपेठेच्या स्वतःच्या ब्रँडची वस्तू घेतली असेल, तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे उत्तर चालत नाही.

या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि लोक त्याचा चुकीचा आधार घेतात. ते प्रकरण सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी किंवा इतर मालमत्तेच्या हानीसाठी आहे. वस्तू स्वतः बिघडली एवढ्यावर ते लागू होत नाही. बॅटरी फुटून हात भाजला तर ते कामाचे, लॅपटॉप चार्ज होत नाही एवढ्यासाठी नाही. तिथे साधी ‘सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी’ अशी तक्रार करावी.

विक्रेता आणि बाजारपेठ यांना लिहिताना

१८ ऑगस्टला आम्ही एकाच मजकुराचे दोन ईमेल पाठवले, एक बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि एक बाजारपेठेमार्फत विक्रेत्याला. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असा नियम आहे. ग्राहक सेवेच्या गप्पाखिडकीत केलेली तक्रार या मोजणीत धरली जाईल याची खात्री नसते, म्हणून थेट या अधिकाऱ्यालाच लिहावे. आमची पोच १९ ऑगस्टला आली.

पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे परतावा मुदतीचेच होते. त्याला आम्ही वाद घालणारे उत्तर दिले नाही. दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक म्हणजे विक्रेत्याचा मुख्य कार्यालयाचा भौगोलिक पत्ता, ईमेल आणि संपर्काचा इतर तपशील. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास तो देणे हे बाजारपेठेचे कर्तव्य आहे. दुसरी म्हणजे खरेदीच्या दिवशी पानावर असलेला वॉरंटीचा मजकूर. पहिली गोष्ट २ सप्टेंबरला मिळाली. दुसरी मिळालीच नाही, आणि त्या वेळी आमच्याकडे असलेल्या स्क्रीनशॉटचे मोल पुन्हा पटले.

पत्ता मिळाल्यावर ४ सप्टेंबरला स्पीड पोस्टने विक्रेत्याला इंग्रजीतून नोटीस पाठवली, कारण ती बंगळुरात वाचली जाणार होती. तीत खरेदी, बिघाड, जॉबशीट आणि उत्पादकाचा नकार हे तारखांसह ओळीने लिहिले आणि एकच मागणी ठेवली: १५ दिवसांत दुरुस्तीचे १९,८०० रुपये द्यावेत किंवा तशाच वर्णनाचा, पूर्ण वॉरंटी असलेला लॅपटॉप द्यावा. मानसिक त्रासाचे लाख रुपये वगैरे नोटिशीत घालण्याची एक प्रथा पडली आहे. मला ती निरुपयोगी वाटते, कारण अशा रकमेने समोरचा घाबरत नाही, उलट तडजोडीच्या गोष्टी लांबतात.

१० सप्टेंबरला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावरूनही नोंदवता येते, आणि फोनवर मराठी तसेच गुजराती बोलणारे मिळतात. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही. ती तक्रार कंपनीच्या योग्य माणसापर्यंत पोहोचवते, आणि मोठ्या बाजारपेठांच्या बाबतीत तेवढ्याने पुष्कळदा हालचाल होते.

२० सप्टेंबरला विक्रेत्याने दुरुस्तीचा खर्च देण्याचे कबूल केले. तोंडी नव्हे, ईमेलने. त्यानंतरच बहिणीने अधिकृत केंद्रात पैसे भरून मदरबोर्ड बदलून घेतला, बिल पाठवले आणि ६ ऑक्टोबरला रक्कम तिच्या खात्यात आली. नव्या भागावर केंद्राची ९० दिवसांची हमी तिने बिलावर लिहून घेतली. संपूर्ण यंत्राची वॉरंटी मात्र वाढली नाही, आणि ती मागणी विक्रेत्याने शेवटपर्यंत मानली नाही.

तडजोड झाली नसती तर

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. विक्रेता बंगळुरात आणि कंपनीचे कार्यालय आणखी कुठे असले, तरी २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून हे प्रकरण बडोद्यातच दाखल झाले असते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर ते जिल्हा आयोगाचे काम, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रारीची फी नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. दाखल करणे e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन होते.

अशा तक्रारीत विक्रेता, उत्पादक आणि बाजारपेठ या तिघांनाही सामनेवाले करावे. आमच्याकडच्या गुजराती वकिलांच्या भाषेत ते ‘सामावाळा’ होतात, पण अर्थ तोच. एकालाच धरले तर तो अनुपस्थित पक्षावर सगळे ढकलून मोकळा होतो. तिघे समोर असले की प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याविरुद्धचा पुरावा बनते, आणि कोणाचा वाटा किती हे आयोगाला ठरवता येते. प्रत्येकाविरुद्धचा आरोप मात्र वेगळा मांडावा: विक्रेत्याने वर्णनाविरुद्ध माल दिला, उत्पादकाने बिल पाहूनही तारीख दुरुस्त केली नाही, बाजारपेठेने मुदतीत तक्रार निवारण केले नाही. ‘सर्वांनी मिळून फसवले’ असे मोघम वाक्य लिहिले, तर मध्यस्थ म्हणून कायदेशीर संरक्षण मागणारी बाजारपेठ सर्वांत आधी त्यातून सुटते.

दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून निकाली निघेपर्यंत बिघडलेला भाग किंवा यंत्र टाकून देऊ नये. पैसे भरून दुरुस्ती केल्यास सर्व्हिस सेंटर जुना बोर्ड बहुधा स्वतःकडे ठेवते. तो परत मागावा, आणि देत नसतील तर तसे लिहून घ्यावे.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ती नकाराच्या दिवसापासून मोजायची की बिघाडाच्या, यावर वाद उभा राहू शकतो. तेव्हा आधीची तारीख धरणे सुरक्षित. आमच्यासाठी ती ४ ऑगस्ट २०२५ होती. ईमेलांची ये-जा चालू आहे म्हणून ही दोन वर्षे थांबत नाहीत, आणि मूळ वॉरंटी संपायला आठवडा उरला असेल, तर कोणाशीही पत्रव्यवहार करण्याआधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक हातात घ्यावा.